ओटीपी येत नाही: स्पॅमच्या कप्प्यात अडकलेला, की दुसऱ्या सिमवर गेलेला?

तालुक्याच्या गावी ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे केंद्र चालवताना जी तक्रार मी जवळजवळ रोज ऐकतो, ती ‘ओटीपी येत नाही’ या तीन शब्दांची असते. दोष मात्र निरनिराळे असतात आणि ते लक्षणांवरून बऱ्यापैकी ओळखता येतात, म्हणून आधी लक्षणे सांगतो.

लक्षणे

पहिल्या प्रकारात संकेतस्थळ ‘ओटीपी पाठवला आहे’ असे सांगते, फोन वाजत नाही, पुन्हा मागवला तरी वाजत नाही, आणि तरीही त्याच फोनवर घरच्यांचे साधे एसएमएस नीट येत असतात. अशा वेळी संशय संदेश गाळणाऱ्या यंत्रणेवर किंवा चुकीच्या क्रमांकावर घ्यावा.

दुसऱ्या प्रकारात एकाच संस्थेचा ओटीपी कधी येतो आणि कधी येत नाही. लोक याला ‘सर्व्हर डाउन’ म्हणतात. कधीकधी ते खरेही असते, परंतु माझ्या अनुभवात बऱ्याचदा पाठवणाऱ्याची एक नोंद चुकून ब्लॉक झालेली असते.

तिसऱ्या प्रकारात तासभर काहीच येत नाही आणि मग चार-पाच ओटीपी एकदम येऊन पडतात. याचा अर्थ संदेश मोबाइल कंपनीकडे थांबून राहिले होते, म्हणजे ते सिम तेवढा वेळ जाळ्यात नव्हते किंवा फोन संदेश घ्यायला तयार नव्हता.

चौथ्या प्रकारात त्या क्रमांकावर ओटीपीही येत नाही आणि साधा एसएमएसही येत नाही. येथे स्पॅमच्या कप्प्यात शोधत बसण्यात अर्थ नाही, कारण दोष सिमचा, रिचार्जचा किंवा जाळ्याचा आहे.

पहिली तपासणी: ओटीपी नेमका कोणत्या क्रमांकावर गेला?

या तपासणीला पैसा लागत नाही आणि सेटिंग्जला हातही लावावा लागत नाही, तरीही अर्ध्याअधिक तक्रारी येथेच मिटतात. ओटीपी फोनला पाठवला जात नाही, तो क्रमांकाला पाठवला जातो. दोन सिमच्या फोनमध्ये एसएमएससाठी कोणते सिम वापरायचे असे विचारणारी एक सेटिंग असते, आणि ती बदलली की ओटीपी ‘या सिमवर’ येऊ लागेल असे पुष्कळांना वाटते. ती सेटिंग केवळ बाहेर जाणाऱ्या संदेशांसाठी आहे. येणारा संदेश ज्या क्रमांकाच्या नावाने निघाला त्याच सिमवर उतरतो, आणि फोनमधील कोणतीही सेटिंग त्याला दुसऱ्या सिमकडे वळवू शकत नाही.

म्हणून ओटीपी मागवल्यावर पडद्यावर जी ओळ येते, तिच्यातील फुल्यांनंतरचे शेवटचे दोन, तीन किंवा चार अंक वाचावेत आणि ते आपल्या दोन्ही क्रमांकांशी ताडून पाहावेत. आधारच्या बाबतीत ‘मायआधार’ संकेतस्थळावर आधार वैध आहे की नाही हे पाहण्याची सोय आहे, आणि तेथे जोडलेल्या मोबाइलचे शेवटचे तीन अंक दिसतात. त्या जागी अंकच नसतील, तर आधारला मोबाइल जोडलेलाच नाही आणि ओटीपीची वाट पाहणे व्यर्थ आहे.

आपल्या दुसऱ्या सिमचा क्रमांक कोणता, हेच अनेकांना ठाऊक नसते. त्या सिमवरून शेजारच्या फोनवर मिस कॉल द्यावा, म्हणजे क्रमांक तेथे दिसतो. दाखवलेले अंक दोन्ही सिमपैकी कशाशीच जुळत नसतील, तर येथेच थांबावे, कारण तो क्रमांक बहुधा जुना, बंद झालेला किंवा घरातील दुसऱ्या कोणाचा असतो आणि त्यावर फोनमध्ये काही उपाय नाही. बँकेसाठी शाखेत जावे आणि आधारसाठी आधार केंद्रात. जुना क्रमांक बंद असेल तर हे काम लांबणीवर टाकू नये, कारण बंद पडलेले क्रमांक मोबाइल कंपन्या काही काळाने नव्या ग्राहकाला देतात, आणि मग आपला ओटीपी त्याच्या फोनवर वाजू लागतो.

दुसरी तपासणी: दोन्ही क्रमांकांवर एक साधा एसएमएस

दुसऱ्या कोणाच्या फोनवरून आपल्या दोन्ही क्रमांकांवर ‘सिम एक’ आणि ‘सिम दोन’ असे दोन साधे एसएमएस पाठवावेत. ते व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश नसावेत, कारण व्हॉट्सअ‍ॅप इंटरनेटवरून येते आणि सिमबद्दल काहीच सांगत नाही. साधा संदेश पोहोचला आणि ओटीपी पोहोचला नाही, तर सिम निर्दोष आहे आणि पुढील शोध संदेशांच्या अ‍ॅपमध्ये घ्यायचा आहे. साधा संदेशही पोहोचला नाही, तर चौथ्या तपासणीकडे जावे. ही अर्ध्या मिनिटाची चाचणी टाळून लोक फोन रीसेट करण्यापर्यंत गेलेले मी पाहिले आहेत.

तिसरी तपासणी: स्पॅमचा कप्पा आणि ब्लॉकची यादी

गुगलच्या `Messages` अ‍ॅपमध्ये वर उजवीकडील आपल्या चित्रावर बोट ठेवले की `Spam & blocked` हा कप्पा दिसतो. सॅमसंग, शाओमी आदींच्या स्वतःच्या संदेश-अ‍ॅपमध्ये हीच गोष्ट अ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये ब्लॉक केलेले क्रमांक आणि ब्लॉक केलेले संदेश अशा नावांखाली मिळते. काहींमध्ये ब्लॉक करायच्या शब्दांचीही यादी असते, आणि जाहिरातींना कंटाळून कोणी तेथे ‘loan’ किंवा ‘bank’ असा शब्द घालून ठेवलेला असेल, तर तो शब्द असलेला ओटीपीचा संदेशही गाळला जातो. आयफोनमध्ये अनोळखी पाठवणाऱ्यांना वेगळे ठेवण्याची सोय चालू असेल, तर संदेश `Transactions`, `Promotions` किंवा `Junk` यांपैकी एखाद्या यादीत शांतपणे जाऊन बसतो. तो हरवलेला नसतो, त्याची घंटी तेवढी वाजत नाही.

अनोळखी कॉलरचे नाव दाखवणारे अ‍ॅप फोनमध्ये असेल आणि त्याला कधीतरी एसएमएससाठी मुख्य अ‍ॅप होण्याची परवानगी दिली गेली असेल, तर शोध त्या अ‍ॅपमध्ये घ्यावा लागतो. बसवताना ते ही परवानगी मागते आणि घाईत ‘हो’ दाबले जाते. मग आपण जुन्या अ‍ॅपमध्ये पाहत राहतो आणि ओटीपी नव्या अ‍ॅपच्या स्पॅममध्ये पडून राहतो.

‘कधी येतो, कधी येत नाही’ या कोड्याचे उत्तरही या कप्प्यातच मिळते. भारतात संस्थांचे संदेश क्रमांकावरून न येता सहा अक्षरांच्या शीर्षकावरून येतात, आणि त्याच्या आधी दोन अक्षरे असतात, उदाहरणार्थ `VM-ABCBNK` किंवा `JD-ABCBNK`. पुढची दोन अक्षरे संदेश कोणत्या मोबाइल कंपनीच्या आणि कोणत्या सर्कलच्या मार्गाने निघाला ते सांगतात. संस्था तीच असली तरी मार्ग बदलू शकतो आणि त्याबरोबर ही अक्षरेही बदलतात. कित्येक फोन या दोन शीर्षकांना दोन वेगळे पाठवणारे समजतात. त्यामुळे आपण एकदा वैतागून `VM-` चा संदेश स्पॅम म्हणून नोंदवला असेल, तर त्या मार्गाने आलेला ओटीपी गाळला जातो आणि `JD-` ने आलेला बिनबोभाट पोहोचतो. यादीतून ब्लॉक काढताना म्हणूनच एका नोंदीवर न थांबता मधली सहा अक्षरे सारखी असलेल्या सगळ्या नोंदी मोकळ्या कराव्यात.

२०२५ पासून शीर्षकाच्या शेवटी एक अक्षरही येऊ लागले आहे. `-P` म्हणजे जाहिरात, `-S` म्हणजे सेवा, `-T` म्हणजे व्यवहार आणि `-G` म्हणजे सरकारी. ब्लॉक करायचेच असेल तर `-P` असलेले संदेश करावेत, बाकीच्यांना हात लावू नये. एक गैरसमज येथेच दूर करतो. १९०९ वर नोंदवलेल्या डीएनडीमुळे ओटीपी थांबत नाहीत, कारण ती सोय जाहिरातींसाठी आहे. ओटीपीसाठी डीएनडी काढून टाकावे असा सल्ला कोणी दिला तर तो मानण्याचे कारण नाही.

एक प्रकरण

‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचे ई-केवायसी २०२५ च्या सप्टेंबरात सुरू झाले, तेव्हा एक ताई तिसऱ्यांदा माझ्याकडे आल्या. या ई-केवायसीत लाभार्थीच्या आधारला जोडलेल्या क्रमांकावर एक ओटीपी येतो, आणि पुढच्या पायरीवर पती किंवा वडिलांच्या आधारला जोडलेल्या क्रमांकावर दुसरा येतो. त्यांच्या हातातील फोनमध्ये पहिल्या खाचेत त्यांचे स्वतःचे सिम होते आणि दुसऱ्यात पतीचे जुने सिम, कारण पतीने नवा फोन घेताना नवा क्रमांक घेतला होता. पहिला ओटीपी लगेच येई, दुसरा काही केल्या येत नसे.

“दादा, फोन तोच, गाव तेच, मग एक येतो नि एक का येत नाही?” असे त्यांनी विचारले. प्रश्न अगदी रास्त होता.

पतीच्या आधारचे शेवटचे तीन अंक पाहिले, ते दुसऱ्या खाचेतील सिमचेच निघाले. मग माझ्या फोनवरून त्या क्रमांकावर साधा एसएमएस पाठवला, तो आला नाही. सेटिंग्ज उघडल्या तेव्हा दुसरे सिम बंद करून ठेवलेले दिसले. बॅटरी लवकर उतरते म्हणून मुलाने ते बंद केले होते. सिम चालू केले, साधा एसएमएस मिनिटभरात पोहोचला, आणि आता काम झाले असे मला वाटले. नवा ओटीपी मागवला, तरीही घंटी वाजली नाही. स्पॅमचा कप्पा उघडला तेव्हा तो तेथे होता आणि त्याच्याखाली आधीच्या महिन्यातील आणखी दोन होते. ताईंनी कधीतरी अनोळखी इंग्रजी संदेश म्हणून त्यातील पहिल्यावर स्पॅमची खूण केली होती. त्यांच्या स्वतःच्या सिमवर येणाऱ्या संदेशाची पुढची दोन अक्षरे वेगळी असल्याने तो अडत नव्हता. दोन दोष एकावर एक बसलेले होते, आणि पहिला सुटला म्हणून तपासणी थांबवली असती तर त्या चौथ्यांदा आल्या असत्या.

चौथी तपासणी: ते सिम खरोखर चालू आहे का?

साधा एसएमएसही येत नसेल, तर सिमच्या सेटिंग्जमध्ये दोन्ही सिमसमोरील बटण चालू आहे ना ते पाहावे. ही सेटिंग बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये `Network & internet` मधील `SIMs` येथे असते, तर सॅमसंगमध्ये `Connections` मधील `SIM manager` येथे. सिम चालू असूनही संदेश येत नसेल, तर रिचार्ज पाहावा. दुसऱ्या सिमचा रिचार्ज संपला की आधी जाणारी सेवा बंद होते आणि काही दिवसांनी येणारीही. फसवी गोष्ट अशी की रेंजच्या कांड्या तेव्हाही भरलेल्या दिसतात, त्यामुळे सिम जिवंत आहे असा भास होतो.

तिसरे कारण आपणच निर्माण करतो. बहुतेक दोन सिमच्या फोनमध्ये एका सिमवर बोलणे चालू असताना दुसरे सिम जाळ्यापासून तुटते. बँकेच्या मदत केंद्राशी पहिल्या सिमवर बोलत राहायचे आणि दुसऱ्या सिमवर ओटीपीची वाट पाहायची, हे अशा फोनमध्ये जमत नाही. फोन ठेवल्यावर काही क्षणांत संदेश येतो, पण तोपर्यंत ओटीपीची मुदत सरलेली असू शकते.

याच कारणाने ‘पुन्हा पाठवा’ हे बटण वारंवार दाबू नये. अनेक ठिकाणी प्रत्येक वेळी नवा ओटीपी तयार होऊन आधीचा रद्द होतो. उशिरा पोहोचलेल्या चारांपैकी कोणता शेवटचा हे मग कळत नाही, आणि चुकीचे अंक टाकत राहिल्यास खाते काही काळासाठी बंद होते. एकदा मागवावा आणि पूर्ण मुदत संपेपर्यंत थांबावे.

पाचवी तपासणी: जागा, जाळे आणि सिमची अदलाबदल

फोनची साठवण अगदी काठोकाठ भरली की अँड्रॉइड नवा एसएमएस स्वीकारत नाही, आणि कंपनी तो थोड्या थोड्या वेळाने पुन्हा पाठवून पाहते. सकाळच्या शुभेच्छांची चित्रे आणि व्हिडिओ यांनी भरलेल्या फोनमध्ये हे हमखास आढळते. निदान एक जीबी जागा मोकळी करून फोन बंद-चालू करावा, आणि मगच पुढे जावे.

त्यानंतर जाळ्याचा प्रकार पाहावा. जिओकडे २जी किंवा ३जी जाळे नाही, म्हणून त्या सिमसाठी फोनमध्ये ‘२जी’ किंवा ‘३जी’ निवडले असेल तर ते सिम जाळ्यात येणारच नाही. जुन्या काही फोनची दुसरी खाच फक्त २जीच चालवते, आणि अशा वेळी दोन सिमची अदलाबदल हाच उपाय असतो.

एवढे करूनही काही हाती लागले नाही, तर फोन बंद करून ते सिम दुसऱ्या चांगल्या फोनमध्ये घालावे आणि साधा एसएमएस पाठवून पाहावा. तेथे आला तर दोष आपल्या फोनचा आहे, तेथेही आला नाही तर सिमचा किंवा कंपनीचा. चाचणी झाल्यावर सिम मूळ फोनमध्ये परत घालावे, कारण सिम हललेले दिसले की बँकांची काही अ‍ॅप पुन्हा पडताळणी मागतात. ई-सिम असेल तर ही चाचणी करू नये. ई-सिम पुसण्याचे बटण चुकून दाबले गेले, तर ते परत मिळवण्यासाठी कंपनीकडेच जावे लागते, आणि फोन रीसेट करतानाही ई-सिम पुसायचे का असा प्रश्न येतो, त्याला नकार द्यावा.

येथे थांबावे

सिम दुसऱ्या फोनमध्येही मुके राहत असेल, तर मोबाइल कंपनीच्या अधिकृत दुकानात ओळखपत्र घेऊन स्वतः जावे. नवे सिम मिळाले की त्याच दिवशी ओटीपीची कामे काढू नयेत, कारण दूरसंचार विभागाच्या २०२२ च्या आदेशानुसार सिम बदलल्यानंतर पहिले २४ तास एसएमएस येणे-जाणे बंद ठेवले जाते. चोराने आपल्या नावावर सिम काढले तर खरा मालक सावध व्हावा यासाठी ती खबरदारी आहे. दर वर्षी दोन-चार जण नवे सिम घालून थेट माझ्याकडे येतात आणि ते बिघडलेलेच दिले असे समजतात.

याउलट आपण सिम बदललेले नसताना चालू सिमची रेंज अचानक गेली, आणि फोन बंद-चालू करूनही ती परतली नाही, तर तपासण्या करत बसू नये. दुसऱ्या फोनवरून आधी कंपनीला विचारावे की या क्रमांकाचे सिम कोणी बदलून घेतले आहे काय. तसे असेल किंवा पैसे गेल्याचे दिसत असेल, तर बँकेला खाते गोठवायला सांगून १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

ओटीपी कुठल्याच कप्प्यात सापडत नाही आणि खात्यातून रकमा मात्र जातात, अशी स्थिती असेल तर लग्नपत्रिका, वाहनाचे चलन किंवा बँकेची सूचना म्हणून आलेली एखादी `.apk` फाइल फोनमध्ये बसली आहे का, हे आठवून पाहावे. अशी अ‍ॅप एसएमएस वाचण्याची परवानगी घेतात आणि ते परस्पर पुढे धाडतात. फोन तत्काळ विमान मोडवर टाकावा, वाय-फाय बंद आहे ना हे पाहावे, दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि १९३० ला कळवावे, आणि साफसफाई जाणकाराकडून करून घ्यावी. पुरावा जाऊ नये म्हणून तक्रार नोंदवण्याआधी फोन रीसेट करू नये.

फोनवरून बोलून ओटीपी सांगणारी सोय वापरत असाल, तर `*#21#` डायल करून कॉल दुसरीकडे वळवलेले नाहीत ना एवढे पाहावे, आणि वळवलेले आढळल्यास `##002#` डायल करून ते काढावेत. एसएमएस यामुळे वळत नाहीत, कॉल तेवढे वळतात.

ओटीपी सापडल्यावर तो स्वतः टंकावा किंवा टंकताना समोर बसावे. माझ्या केंद्रात फोन ग्राहकाच्याच हातात राहतो आणि अंक तेच टंकतात. एखाद्या दुकानात फोन आत नेला जात असेल, तर तो परत मागून घ्यावा.